'व्हेन डिड यू मूव्ह टू डेज?' : एका इंटरव्ह्यूतल्या 'यूज्ड टू'चं प्रकरण

एक मुलगी, कस्टमर सपोर्टमध्ये नाइट शिफ्ट करणारी, तीन वर्षं त्याच टीममध्ये, तिने दुसरीकडे टीम लीडच्या पोस्टसाठी इंटरव्ह्यू दिला. ती पोस्टपण नाइट शिफ्टचीच होती, म्हणजे अनुभवाच्या हिशोबाने तिचं पारडं जडच. इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाईंनी सुरुवातीलाच विचारलं, 'आर यू कम्फर्टेबल विथ नाइट शिफ्ट्स?' आणि हिने एकदम कॉन्फिडन्टली उत्तर दिलं, 'येस, आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट.'

बाई म्हणाल्या, 'ओके, सो व्हेन डिड यू मूव्ह टू डेज?'

हिला कळेचना की हे डेजचं काय मध्येच, आपण तर रात्रीचंच सांगतोय. तिला वाटलं की आपलं उत्तर नीट ऐकू गेलं नाही, म्हणून तिने तेच जरा जोर देऊन सांगितलं, 'नाउ ऑल्सो आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट.' आता समोरच्या बाई गोंधळल्या, कारण वाक्याच्या पहिल्या तुकड्यात 'आत्ता' आहे आणि दुसऱ्या तुकड्यात 'पूर्वी'. त्यांनी पुढचा प्रश्न घेतला आणि शेवटी सांगितलं की पुढच्या राउंडच्या आधी तुमच्या कामाबद्दल एक छोटा परिच्छेद लिहून ईमेलवर पाठवा.

तो परिच्छेद दाखवायला ती माझ्याकडे आली आणि बोलता बोलता इंटरव्ह्यूमधला हा किस्सा निघाला. मला हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं कारण 'यूज्ड टू'च्या सगळ्या अडचणी ह्या एका मुलीच्या आठ-दहा वाक्यांत सापडतात, आणि त्यातली सगळ्यात महागात पडणारी अडचण अशी आहे की जी व्याकरण तपासून सापडतच नाही.

आधी ते पहिलंच उत्तर घेऊ. 'आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट' ह्या वाक्यात चूक कुठे आहे? कुठेच नाही! कर्ता आहे, 'यूज्ड टू' आहे, पुढे क्रियापद मूळ रूपात आहे, सगळं जागच्या जागी. कुठल्याही स्पेलचेकला हे वाक्य दिलं तरी खाली लाल रेघ येणार नाही. फक्त त्याचा अर्थ होतो 'मी पूर्वी रात्री काम करायचे', आणि ऐकणारा माणूस त्यापुढे आपोआप 'आता करत नाही' हे जोडून घेतो. तसं स्पष्ट म्हटलेलं नसतं, पण 'यूज्ड टू' एकटं वापरलं की ऐकणाऱ्याला तेच वाटतं, कारण अजून चालू असतं तर तुम्ही साधा वर्तमानकाळच वापरला असता ना. त्यामुळे बाईंचा प्रश्न अगदी सरळ होता: पूर्वी रात्री करायचात, मग दिवसाच्या शिफ्टला कधी आलात?

तिला म्हणायचं होतं 'मला रात्री काम करायची सवय आहे.' त्यासाठी इंग्रजी वाक्य आहे 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट.' दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून बघा, फरक दोन ठिकाणी आहे. एक, 'ॲम' आला. दोन, 'वर्क'चं 'वर्किंग' झालं. ह्यातला एक बदल केला आणि दुसरा राहिला तर वाक्य मोडतं, आणि दोन्ही राहिले तर वाक्य मोडत नाही पण अर्थच बदलतो. म्हणून मला अर्धवट चुकलेलं वाक्य कमी धोक्याचं वाटतं. 'आय ॲम यूज्ड टू वर्क ॲट नाइट' असं ती म्हणाली असती तर व्याकरण चुकलं असतं पण 'ॲम' ऐकून बाईंना बहुतेक कळलं असतं की सवयीबद्दल चाललंय. पूर्ण बरोबर पण वेगळंच सांगणारं वाक्य मात्र समोरचा दुरुस्त करू शकत नाही, त्याला चूक झालीय हेच कळत नाही.

मग 'ॲम' गेला कुठे? मी तिला विचारलं की तू हा शब्दप्रयोग पहिल्यांदा कुठे उचललास, तर म्हणाली कामावर ऐकून ऐकून, कॉलवरचे लोक सारखं म्हणतात. तिथेच उत्तर आहे. बोलताना लोक 'आय ॲम' असं सुटं म्हणत नाहीत, 'आयम' म्हणतात, आणि त्यातला म् हा ओठ मिटून उघडण्याएवढाच असतो. वर 'यूज्ड टू' हे आपण लिहितो तसं ऐकू येत नाही, ते 'यूस्टू' असं एका दमात येतं, मधला 'झ' स् होतो आणि ड पुढच्या ट मध्ये विरून जातो. म्हणजे कानावर पडतं 'आयम्यूस्टू' आणि 'आय्यूस्टू'. घाईच्या कॉलवर ह्या दोघांतला फरक ऐकू येणं खरंच अवघड आहे. 'ही इज'चं 'हीज' झालं की तो ज् पण असाच पटकन निसटतो. त्यामुळे कानाने शिकलेल्या माणसाच्या डोक्यात एकच तुकडा बसतो, 'यूस्टू', आणि तो तुकडा सगळीकडे चालतो असं वाटायला लागतं.

ऐकताना मग ओळखायचं कसं? पुढच्या शब्दावरून. 'यूस्टू' नंतर आयएनजी ऐकू आलं, किंवा 'इट', 'धिस', 'द नॉइज' असं काही नाम आलं, तर आधी नक्की 'ॲम', 'इज', 'वॉज' किंवा 'गेट'पैकी काहीतरी होतं, तुम्हाला ऐकू आलं नसलं तरी. नुसतं क्रियापद आलं तर ती पूर्वीची गोष्ट चाललीय. शेपूट बघून डोकं ओळखायचं, असा प्रकार.

आता हे आयएनजी का लागतं, हे तिला समजून घ्यायचं होतं, आणि मला हा प्रश्न आवडला कारण नुसता नियम पाठ केला की तो दोन आठवड्यांत उलटासुलटा होतो. मुद्दा असा आहे की दोन्हीकडे दिसणारा 'टू' एकच नाही. 'आय यूज्ड टू वर्क' मधला टू हा क्रियापदाचा टू आहे, 'वाँट टू वर्क', 'नीड टू वर्क' मध्ये असतो तोच. त्याच्यापुढे क्रियापद मूळ रूपातच येणार. 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग' मधला टू मात्र प्रीपोझिशन आहे, 'आय गो टू द ऑफिस' मधल्या टू सारखा, आणि प्रीपोझिशनच्या पुढे नाम लागतं. क्रिया सांगायची असेल तर त्या क्रियेचं नाम करावं लागतं आणि इंग्रजीत ते काम आयएनजी करतं. मराठीत आपण 'काम करण्याची सवय' म्हणतो, 'काम करतो सवय' म्हणत नाही, तसंच.

ही गोष्ट पारखायला एक सोपी युक्ती आहे, टूच्या पुढचं सगळं काढून तिथे 'इट' ठेवायचं. 'आय ॲम यूज्ड टू इट', चाललं. 'आय यूज्ड टू इट', नाही चाललं, वाक्य लटकलं. जिथे 'इट' बसतं तिथे आयएनजी, जिथे बसत नाही तिथे मूळ रूप. हीच युक्ती 'लुक फॉरवर्ड टू'ला पण लागू होते, 'आय लुक फॉरवर्ड टू इट' चालतं म्हणून ईमेलच्या शेवटी 'लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' लिहायचं, 'हिअर' नाही. तिच्या ईमेलच्या शेवटी 'हिअर' होतंच, तेही त्याच वेळी सुधारून झालं.

इथपर्यंत आल्यावर मी तिला परिच्छेद बाजूला ठेवायला सांगितला आणि म्हटलं, तुला जे सांगायचंय ते मला मराठीत सांग. ती म्हणाली:

'मॅडम, आधी मी एका डे टीममध्ये होते दोन वर्षं, तिथे मी फक्त ईमेल बघायचे. मग नाइटला आले. सुरुवातीला मला दिवसा झोपायची सवय नव्हती, खूप त्रास झाला. मग हळूहळू सवय झाली. आता मला रात्री काम करायची सवय आहे, चिडलेल्या लोकांशी बोलायचीपण सवय आहे.'

ह्यात इंग्रजीतले तिन्ही प्रयोग सुटे सुटे आलेत. 'ईमेल बघायचे' हा पूर्वीचा नेम, तिथे 'यूज्ड टू' आणि मूळ रूप. 'सवय आहे', 'सवय नव्हती' ही स्थिती, तिथे 'बी यूज्ड टू' आणि आयएनजी. 'सवय झाली' हा बदल, तिथे 'गेट यूज्ड टू' आणि आयएनजी. म्हणजे अर्थ तिला लख्ख माहिती होता, इंग्रजीत येताना तिन्हीचा एकच 'यूस्टू' होत होता एवढंच. आता तिने लिहून आणलेला परिच्छेद बघा, मी ओळी जशाच्या तशा देतेय.

'आय यूज्ड टू वर्क इन डे टीम फॉर टू इयर्स. देअर आय यूज्ड टू हँडल ओन्ली ईमेल्स. इन द बिगिनिंग ऑफ नाइट शिफ्ट आय डिडन्ट यूज्ड टू स्लीप इन डेटाइम. स्लोली आय ॲम यूज्ड टू इट. नाउ आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट. आय ॲम यूज्ड टू टॉक टू अँग्री कस्टमर्स.'

पहिलं वाक्य वरवर बघितलं तर ठीक वाटतं, पूर्वीची गोष्ट आहे, मूळ रूप आहे. पण 'फॉर टू इयर्स'ने घात केलाय. 'यूज्ड टू' हे पूर्वी वरचेवर व्हायचं किंवा पूर्वी तशी स्थिती होती एवढंच सांगतं, त्याला किती काळ, किती वेळा असं मोजमाप जोडत नाहीत. मोजून सांगायचं असेल तर साधा भूतकाळ: 'आय वर्क्ड इन अ डे टीम फॉर टू इयर्स.' तसंच 'आय यूज्ड टू व्हिजिट देम थ्री टाइम्स' हे चुकीचं आणि 'आय व्हिजिटेड देम थ्री टाइम्स' हे बरोबर. मात्र 'थ्री टाइम्स अ वीक' म्हटलं की पुन्हा 'यूज्ड टू' चालतं, कारण आता ते एकूण मोजमाप नाही, दर आठवड्याचा नेम आहे. बायोडेटात ही चूक मला सारखी दिसते कारण तिथे प्रत्येक नोकरीपुढे वर्षं लिहायची असतातच.

दुसरं वाक्य, 'देअर आय यूज्ड टू हँडल ओन्ली ईमेल्स', पूर्ण बरोबर. पूर्वी रोज व्हायचं, आता होत नाही. तिने विचारलं की इथे 'वुड' चालेल का, कारण कुठेतरी वाचलं होतं की दोन्ही सारखे. वारंवार घडणारी कृती असेल आणि काळ आधी सांगितलेला असेल तर चालतं, पण स्थिती असेल तर नाही: 'आय यूज्ड टू लिव्ह देअर' म्हणतात, त्या अर्थाने 'आय वुड लिव्ह देअर' म्हणत नाहीत. तिला म्हटलं सध्या 'वुड'च्या वाटेला जाऊच नकोस, 'यूज्ड टू' दोन्हीकडे चालतं.

तिसऱ्या वाक्यात एकावर एक दोन चुका आहेत, आणि मजा अशी की एक सुधारली तर वाक्य बरोबर होतं पण अर्थ चुकीचाच राहतो. स्पेलिंगची चूक अशी की 'डिडन्ट' आला की भूतकाळ त्याने उचलला, मग 'यूज्ड' मधला शेवटचा डी काढायचा. 'डिडन्ट गो' म्हणतो, 'डिडन्ट वेंट' नाही, तोच हिशोब. प्रश्नातपण तसंच, 'डिड यू यूज टू' असं डीशिवाय लिहायचं. बोलताना काहीच फरक पडत नाही कारण दोन्हीचा उच्चार 'यूस्टू'च होतो, म्हणून तर इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ते लोकसुद्धा इथे डी ठेवून देतात, आणि तसं छापलेलंही दिसतं. पण ऑफिसच्या ईमेलमध्ये डीशिवायचं रूपच ठेवावं, त्यावर कोणी बोट ठेवत नाही.

समजा डी काढला. 'आय डिडन्ट यूज टू स्लीप ड्युरिंग द डे.' व्याकरण बरोबर झालं. अर्थ काय झाला? 'मी पूर्वी दिवसा झोपायचे नाही.' ह्यात त्रास कुठेच नाही, सवयीचा प्रश्न नाही, बहुतेक लोक दिवसा झोपत नाहीत तशी हीपण झोपायची नाही एवढीच माहिती. तिला सांगायचं होतं की झोपावं लागत होतं पण शरीर ऐकत नव्हतं. तिथे 'आय वॉजन्ट यूज्ड टू स्लीपिंग ड्युरिंग द डे.' हे वाक्य मी तिच्याकडून जरा जास्त वेळ घोटून घेतलं, कारण 'बी यूज्ड टू'ला भूतकाळात नेलं की मुलं हमखास घसरतात. 'यूज्ड' मध्ये डी दिसतो म्हणून त्यांना वाटतं हा भूतकाळ झालाच की. पण इथे 'यूज्ड' हे क्रियापद नाहीच, ते 'हॅपी', 'टायर्ड' सारखं विशेषण आहे, काळ दाखवायचं काम पूर्णपणे 'ॲम', 'वॉज', 'विल बी' करतात. म्हणून त्याच्या आधी 'क्वाइट' किंवा 'व्हेरी मच' घालता येतं, 'आय ॲम क्वाइट यूज्ड टू इट'. नेमवाल्या 'यूज्ड टू'ला असं काही घालून बघा, बसतच नाही.

आणि इथे मराठीकडून एक फसगत होऊ शकते, ती सांगायलाच हवी कारण मघाशी मी मराठीचाच आधार घ्यायला सांगितलाय. 'मला लवकर उठायची सवय होती' ह्या वाक्यातून दोन्ही अर्थ निघतात. मी रोज लवकर उठायचे, हा एक. लवकर उठणं मला जड जात नव्हतं, हा दुसरा. इंग्रजीत मात्र निवडावं लागतं: 'आय यूज्ड टू गेट अप अर्ली' की 'आय वॉज यूज्ड टू गेटिंग अप अर्ली'. तेव्हा 'सवय होती' असा शब्द डोक्यात आला तर थांबून विचारायचं की मी काय करायचे ते सांगतेय, की मला ते जड जात नव्हतं ते सांगतेय. नवीन ऑफिस सकाळी सातला सुरू होतं आणि त्याचा त्रास का झाला नाही हे सांगायचं असेल तर दुसरं वाक्य. पूर्वीचा दिनक्रम सांगायचा असेल तर पहिलं. मघाच्या 'बघायचे' सारखी क्रियापदं ह्या बाबतीत भरवशाची आहेत, ती नेहमी नेमाकडेच जातात.

चौथं वाक्य, 'स्लोली आय ॲम यूज्ड टू इट'. 'ॲम यूज्ड टू' ही स्थिती आहे आणि स्थिती हळूहळू नसते, ती असते किंवा नसते, कमीजास्त असेल, पण 'हळूहळू आहे' असं आपण मराठीतही म्हणत नाही. हळूहळू होतो तो बदल, आणि बदलाला 'गेट'. 'स्लोली आय गॉट यूज्ड टू इट', किंवा मला जास्त आवडतं ते 'इट टुक मी अ फ्यू मंथ्स टू गेट यूज्ड टू इट'. ह्या दुसऱ्या वाक्यात दोन टू आलेत आणि दोन वेगळ्या जातीचे आलेत: पहिल्यापुढे 'गेट' मूळ रूपात, दुसऱ्यापुढे 'इट', म्हणजे तिथे क्रिया आली तर आयएनजी. तिला हे वाक्य वहीत लिहून दोन्ही टूंना वेगवेगळ्या रंगाने गोल करायला लावलं. एवढं एक वाक्य समोर राहिलं तरी पुष्कळ.

'गेट'चं वैशिष्ट्य असं की ते सगळ्या काळांत फिरतं आणि पुढचं आयएनजी जागचं हलत नाही. 'आय ॲम गेटिंग यूज्ड टू स्लीपिंग', सवय होतेय. 'आय गॉट यूज्ड टू स्लीपिंग', झाली. 'आय विल गेट यूज्ड टू स्लीपिंग', होईल. 'आय कान्ट गेट यूज्ड टू स्लीपिंग', होतच नाहीये. इंटरव्ह्यूमध्ये हा फरक नुसता व्याकरणाचा राहत नाही. नवीन सॉफ्टवेअरबद्दल विचारलं आणि 'आय ॲम यूज्ड टू इट' म्हटलं तर तुम्ही म्हणताय मला ते सरावाचं आहे, 'आय ॲम गेटिंग यूज्ड टू इट' म्हटलं तर अजून शिकतेय. एका 'गेटिंग'वर समोरच्याचा पुढचा प्रश्न बदलतो.

पाचवं वाक्य तर तेच इंटरव्ह्यूवालं, आणि सहाव्यात 'टॉक'चं 'टॉकिंग' करायचं, झालं. फक्त तिने विचारलं की जर दुसरं कोणी काही करत असेल आणि मला त्याची सवय असेल तर? म्हणजे लोक माझ्यावर ओरडतात त्याची मला सवय आहे. तर त्या माणसाला टू आणि आयएनजीच्या मध्ये बसवायचं: 'आय ॲम यूज्ड टू पीपल शाउटिंग ॲट मी.' तिच्या कामात हे वाक्य 'टॉकिंग टू अँग्री कस्टमर्स' पेक्षा जास्त खरं होतं, पण ईमेलमध्ये आधीचंच बरं दिसतं म्हणून ते ठेवलं.

दोन दिवसांनी तिने सुधारलेला परिच्छेद पाठवला, सगळं बरोबर, पण शेवटी एक नवीन ओळ जोडली होती: 'वी हॅव अ टूल विच इज यूज्ड टू ट्रॅकिंग कम्प्लेंट्स.' ही चूक शिकल्यामुळे झालेली आहे आणि म्हणूनच ती मला महत्त्वाची वाटते. तिने 'इज यूज्ड टू' बघितलं आणि प्रामाणिकपणे आयएनजी लावलं. पण इथे 'यूज्ड' म्हणजे सवयीचं नाहीच, इथे तो साधा 'वापरला जातो' आहे, 'यूज' ह्या क्रियापदाचा पॅसिव्ह. टूल तक्रारींचा माग ठेवायला वापरलं जातं, तर 'इज यूज्ड टू ट्रॅक कम्प्लेंट्स', मूळ रूप. 'ट्रॅकिंग' लिहिलं की त्या टूललाच माग काढायची सवय आहे असा अर्थ होतो. इथे 'इट'ची युक्ती लावली की 'द टूल इज यूज्ड टू इट' म्हणजे टूलला त्याची सवय आहे असं वाक्य येतं, जे टूलबद्दल अर्थहीन आहे, म्हणजे तिथेच कळतं. अजून सोपी खूण म्हणजे कर्ता वस्तू आहे की माणूस-प्राणी. सवय जिवंत माणसा-प्राण्याला लागते, वस्तूला नाही, त्यामुळे कर्ता वस्तू असेल तर बहुतेक वेळा 'वापरला जातो' हाच अर्थ असतो आणि मूळ रूपच लागतं. आयएनजीच ठेवायचं असेल तर 'यूज्ड फॉर ट्रॅकिंग' लिहा, तेही बरोबर आहे. उच्चारातसुद्धा फरक आहे, वापरण्याच्या अर्थाने 'यूझ्ड' असा झ ऐकू येतो, सवयीच्या आणि पूर्वीच्या अर्थाने 'यूस्ट' असा स्. घाईत बोलताना तो पुसट होतो, पण मोठ्याने वाचून सराव करताना हा फरक मुद्दाम करावा, त्याने डोक्यात दोन शब्द वेगळे राहतात.

शेवटी जो परिच्छेद गेला तो असा:

'आय वर्क्ड इन अ डे टीम फॉर टू इयर्स, व्हेअर आय यूज्ड टू हँडल ओन्ली ईमेल्स. आय हॅव बीन वर्किंग नाइट शिफ्ट्स फॉर थ्री इयर्स नाउ. ॲट फर्स्ट आय वॉजन्ट यूज्ड टू स्लीपिंग ड्युरिंग द डे, अँड इट टुक मी अ फ्यू मंथ्स टू गेट यूज्ड टू इट. नाउ आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट, अँड आय ॲम यूज्ड टू टॉकिंग टू अँग्री कस्टमर्स. आय ऑल्सो मेंटेन द टूल दॅट इज यूज्ड टू ट्रॅक कम्प्लेंट्स.'

दुसऱ्या वाक्याकडे जरा लक्ष द्या, तिथे 'यूज्ड टू' कुठलाच नाही. अजून चालू असलेलं काम किती काळ चाललंय हे सांगायला तिन्हीपैकी एकही प्रयोग उपयोगाचा नाही, तिथे 'हॅव बीन वर्किंग' लागतं. इंटरव्ह्यूमध्ये हे एक वाक्य आधी आलं असतं तर डेजचा प्रश्न निघालाच नसता. रोजच्या आत्ताच्या सवयीला पण तसंच, 'आय यूज टू गेट अप ॲट सिक्स' असं वर्तमानकाळात काही नसतं, तिथे 'आय युज्वली गेट अप ॲट सिक्स'. बरेच जण 'यूज्ड'चा डी काढून वर्तमानकाळ करायला बघतात, तो रस्ता बंद आहे.

लिहिताना आता तिचं चुकत नाही, बोलताना अजून चुकतं. घाईत 'आय' नंतरचा म् राहतो आणि वाक्य पूर्वीच्या अर्थात जातं, आणि हे एकदम सुटणारं नाही, तोंडाला वळण लागायला वेळ जातो. तोपर्यंत आम्ही दोन गोष्टी ठरवल्यात. ह्या प्रयोगापुरतं 'आयम' म्हणायचंच नाही, 'आय ॲम' असं सुटं सुटं म्हणायचं, जरा पुस्तकी वाटलं तरी चालेल. आणि आपण काय बोललो ह्याची स्वतःलाच शंका आली तर लगेच पुढे 'अँड आय स्टिल डू' जोडून द्यायचं. 'आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट, अँड आय स्टिल डू' हे इंग्रजीत रीतसर चालणारं वाक्य आहे, पूर्वीपण करायचे आणि अजूनही करते, आणि ते ऐकल्यावर समोरचा माणूस दिवसाच्या शिफ्टबद्दल विचारणार नाही.